दुधीची फुलं गळतात तेव्हा आधी घड्याळ बघा

प्रश्न: दुधीचा वेल मांडवभर पसरलाय, फुलं भरपूर येतात पण सगळी गळून पडतात. दोन-तीन छोटे दुधी धरले, तेही पिवळे पडले. हाताने परागीभवन करून पाहिलं, फरक नाही. खत कमी पडतंय का? वेल उपटून टाकू?

हाताने परागीभवन किती वाजता केलंत, ते लिहिलेलं नाही. माझा अंदाज, सकाळी. कारण सगळे सकाळीच करायला सांगतात, आणि सांगताना डोळ्यासमोर असतो लाल भोपळा. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं, त्याला सकाळ बरोबर. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं. रात्री पतंग येऊन त्याचं काम करून जातात आणि सकाळी ऊन लागलं की पाकळ्या मऊ पडून सुरकुततात. दोडकाही संध्याकाळचाच, घोसाळं मात्र सकाळचं, कारलंही सकाळचं. ही सगळी एकाच कुळातली, पण वेळापत्रक प्रत्येकाचं वेगळं.

हे मी इतक्या ठामपणे सांगते आहे कारण या एका मुद्द्यावरून आमच्या घरात एक अख्खा हंगाम वाद झालाय. माझे थोरले दीर, म्हणजे भाऊजी, स्वतःला भाजीपाल्यातले जाणकार समजतात. वेलाला आधी नुसती वांझ फुलं लागली (नर फुलांना ते वांझच म्हणतात), तर रोज सकाळी चहा झाला की ते मांडवाखाली जायचे आणि दिसेल ते नर फूल खुडायचे. का, तर ती वेलाचा जोर खातात! मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही पराग तोडून टाकताय, मग मादी फुलांना घालणार काय?" तर म्हणे, "मादी आली की बघू. तू आधी युरिया घाल."

नर फुलं आधी येतात यात वेलाचं काही बिघडलेलं नसतं. कळी अगदी सुरुवातीला असते तेव्हा तिच्यात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्हींचे कोंब असतात. पुढे त्यातला एक थांबतो आणि दुसरा वाढतो. काकडीवर यातलं बरंच काम झालेलं आहे. वेलाच्या आतच तयार होणाऱ्या संप्रेरकांपैकी इथिलीन जास्त असलं की पुंकेसर थांबतात आणि मादी फूल होतं, जिबरेलिनचा जोर असला की नर. वेलाच्या खालच्या पेरांवर कल नराकडे असतो. वर चढत जावं तसा, आणि विशेषतः बगलफांद्यांवर, तो मादीकडे झुकतो. वेलाच्या बाजूने पाहिलं तर यात शहाणपणच आहे. नर फुलाला एक दिवसाचा खर्च, फळाला कित्येक दिवस भरपूर पानांची कमाई लागते. चार पानांच्या वेलाने दुधी धरला तर तो पोसायचा कुणी? त्यामुळे पहिले दहा-पंधरा दिवस नुसती नर फुलं उमलून गळली तर ते गळणं नाही, ते त्यांचं ठरलेलं आयुष्य आहे.

आणि युरिया! नत्र जास्त झालं की पाला माजतो आणि नर फुलं वाढतात. कडक ऊन आणि मोठे दिवस हेही नराकडेच ढकलतात. "खत कमी पडतंय का" हे तुम्ही विचारलंत तिथेच मला भाऊजी दिसले. मांडवभर पसरलेला, हिरवागार वेल उपाशी नसतो.

तर पुढचं. मादी फुलं यायला लागली. ओळखायला कठीण नाही. नर फूल लांब, बारीक दांड्यावर असतं आणि खाली काही नसतं. मादीचा दांडा आखूड, जाड, आणि पाकळ्यांच्या खाली बोटाच्या पेराएवढा, पांढरट लव असलेला दुधी तयारच असतो. म्हणूनच लोक फसतात. त्यांना वाटतं फळ धरलं होतं आणि गळलं. ते धरलेलंच नसतं, तो फुलाचाच भाग असतो. पराग मिळाले तर वाढतो, नाही मिळाले तर दोन-चार दिवसांत टोकाकडून पिवळा पडतो, आकसतो आणि हात लावताच सुटतो. तुमच्या दोन-तीन दुधींचं हेच झालं असणार.

भाऊजी आपले रोज नाश्ता करून, नऊ-दहाला, एक नर फूल घेऊन यायचे आणि मादी फुलावर टेकवायचे. नुसतं टेकवायचे, चोळायचेही नाहीत. ते फूल म्हणजे काल संध्याकाळी उमललेलं, रात्रभर पतंगांनी झाडून नेलेलं आणि उन्हात मलूल झालेलं. मादी फुलाचं तोंड त्यामानाने बराच वेळ टिकतं, पराग टिकत नाहीत. दुधीच्या नर फुलातले पराग फूल उमलण्याआधीच, दुपारी मोकळे होतात. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता ते शिळेच असतात.

शेवटी मी म्हटलं, भांडण पुरे, एकाच वेलावर बघू. संध्याकाळी मी परागीभवन केलेल्या फुलाच्या दांड्याला पांढरा दोरा, सकाळी त्यांनी केलेल्याला लाल. दोघांच्या कळ्या आधीच्या दुपारी कागदी पिशवीत बंद, म्हणजे पतंगांनी मध्येच येऊन श्रेय घ्यायला नको. नर फुलं खुडणं बंद, ही माझी अट.

माझी पद्धत अशी होती. दुपारी चारच्या सुमाराला वेलावर नजर टाकायची. त्या संध्याकाळी उमलणारी कळी लांब झालेली असते आणि हिरव्या निदलांमधून पांढरं टोक बाहेर आलेलं असतं. तशा नर कळ्या दांड्यासकट खुडून पाण्यात ठेवायच्या. अंधार पडायच्या आधी मादी फूल उमललं की पिशवी काढायची, नराच्या पाकळ्या मागे सोलायच्या. आत नागमोडी वळलेले परागकोश दिसतात. ते बोटाला लावून बघा, पिवळसर भुकटी चिकटली पाहिजे. ती चिकट असते, वाऱ्याने उडत नाही, म्हणून तर कुणीतरी आणून द्यावी लागते. बोट कोरडं राहिलं तर ते फूल टाकून दुसरं घ्यायचं.

मादी फुलाच्या मध्यभागी मखमली, जाड असे तीन भाग असतात, प्रत्येकाला मधोमध चीर. तिन्ही भागांवर हलक्या हाताने चोळायचं, आणि एका मादीला दोन-तीन नर वापरायचे. कंजूषपणा इथे महागात पडतो, कारण दुधीत शेकडो बिया असतात आणि प्रत्येक बीला एक परागकण लागतो. पराग थोडे पडले किंवा एकाच बाजूला पडले तर फळ धरतं, पण वाकडं होतं, नाहीतर एका टोकाला बारीक राहतं. झालं की पिशवी परत चढवायची, दुसऱ्या दिवशी काढायची. पावसात तर पिशवी हवीच, भिजलेले पराग फुटून वाया जातात.

तीन-चार दिवसांत चित्र स्पष्ट झालं. पांढरे दोरे असलेल्या दुधींनी माना खाली टाकल्या होत्या, दांडा जाड झालेला आणि सालीला तकाकी आलेली. लाल दोऱ्यांचे बहुतेक दुधी वरच तोंड करून पिवळे. एक लालवाला मात्र धरला, तो आभाळ भरून आलेल्या सकाळचा होता. भाऊजींनी तोच एक दुधी धरून ठेवला. "हवा बदलली म्हणून धरतायत," म्हणे. अहो, एकाच वेलावर, एकाच हवेत पांढरे धरतात आणि लाल गळतात, तर हवेचा काय संबंध? यावर उत्तर आलं नाही, आणि अजून आलेलं नाही.

मग त्यांनी नवीन काढलं: मादी फुलं वाढवायचं औषध. इथ्रेल नावाचं संजीवक असतं, त्यातून इथिलीन सुटतं. पण ते साधारण दोन पानांवर आणि मग चार पानांवर असताना फवारतात, कारण कळीचं लिंग ती डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी ठरत असतं. मांडवभर पसरलेल्या, फुललेल्या वेलावर मारून आज दिसणारी नर कळी मादी होत नाही. शिवाय कलिंगडात हेच इथिलीन उलटं वागतं, तिथे मादी फुलं कमी होतात. तेव्हा ऐकीव मात्रा घेऊन कशावरही फवारत सुटू नका.

सोपा उपाय शेंडा खुडण्याचा आहे आणि दुधीला तो खरंच लागू पडतो, कारण दुधीची मादी फुलं जास्त करून बगलफांद्यांवर, त्यांच्या पहिल्या काही पेरांवरच येतात. मुख्य वेल मांडवावर पोचला की शेंडा खुडा, बगलफांद्या आपोआप सुटतील. थ्रीजी कटिंग म्हणून पुन्हा पुन्हा खुडायला सांगतात, ते मला अति वाटतं. एकदा खुडणं पुरतं, आणि तुमचा वेल पसरलेला असला तरी अजून उशीर झालेला नाही. सगळे शेंडे मात्र एकाच दिवशी नका खुडू.

एवढं सांगून झाल्यावर जरा मागे येते. मादी फुलं गळण्याचं कारण दर वेळी परागच नसतं. गळलेला छोटा दुधी उचलून बघा. त्यावर टाचणीने टोचल्यासारखं छिद्र आणि डिंकासारखा थेंब असेल, कापल्यावर आत अळी असेल, तर ती फळमाशी. तिथे संध्याकाळ-सकाळ काही चालणार नाही. फूल बंद होताच कोवळ्या दुधीला पिशवी घाला आणि गळलेली फळं वेलाखाली पडू देऊ नका. दुसरं, वेलावर आधीच दोन-तीन मोठे दुधी लटकत असतील तर नंतरचे नीट परागीभवन होऊनही गळतात, वेल तेवढेच पोसू शकतो. मोठे होण्याची वाट न बघता कोवळे असतानाच काढा. आणि सकाळीच वेळ मिळत असेल तर अगदी उजाडताना करा, फूल ताठ असेपर्यंत. थंड हवेत तेही जमून जातं.

वेल उपटायचा असेल तर तो पानं आखडून, पिवळे-हिरवे चट्टे पडून खुरटली असतील तरच. तो विषाणू असतो आणि फुलांचं काहीही केलं तरी उपयोग होत नाही.