मित्राच्या पत्रातलं नऊ टक्के सरळव्याज खरंच नऊ टक्के आहे का?

प्रश्न: मी नाशिकला सिडकोत राहतो. जून 2024 मध्ये बालमित्राला अंबडमधल्या फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपसाठी 3 लाख रुपये बँकेतून दिले. लिहून काहीच घेतलं नाही, व्याजही ठरलं नव्हतं. त्याने जमेल तसे 60,000 परत केले. आता त्यानेच पत्र लिहून आणलंय: उरलेले 2,40,000 रुपये, 9 टक्के सरळव्याज, 24 महिने, दर महिन्याच्या 5 तारखेला 11,800 रुपये. त्याची बिलं 7 ते 10 तारखेच्या दरम्यान येतात. बायको म्हणते, मुलीची फी पुढच्या वर्षी आहे, सगळे एकदम माग. पत्र मान्य करू का?

उत्तर: हप्ते मान्य करा, पण पत्र आहे तसं ठेवू नका. त्यातला आकडा तुमच्या मित्रावर अन्याय करणारा आहे आणि तो त्याच्या लक्षात आलेला दिसत नाही.

11,800 हा आकडा कुठून आला, ते सांगतो. त्याने 2,40,000 वर 9 टक्क्यांनी दोन वर्षांचं व्याज काढलं, ते झालं 43,200. मुद्दलात मिळवून 24 ने भागलं. शाळेत शिकवलेली सरळव्याजाची रीत हीच, पण ती सगळं मुद्दल शेवटी एकदम परत येतं तेव्हा लागू पडते. इथे मुद्दल दर महिन्याला कमी होणार आहे. तेराव्या महिन्यात त्याच्याकडे निम्मेच पैसे असतील आणि तो व्याज मात्र पूर्ण 2,40,000 वर देत राहील. उरलेल्या रकमेवर हिशेब केला, तर हा दर वर्षाला 16 टक्क्यांच्या पुढे जातो. दोघांच्या मनात नऊच टक्के असतील, तर पत्रात एक वाक्य हवं: "व्याज त्या त्या वेळी शिल्लक असलेल्या मुद्दलावर मोजलं जाईल."

त्या रीतीने हप्ता 11,000 ठेवा. पहिल्या महिन्याचं व्याज 1,800, म्हणजे 9,200 मुद्दलात गेले आणि शिल्लक 2,30,800. दुसऱ्या महिन्याचं व्याज 1,731, मुद्दलात 9,269, शिल्लक 2,21,531. असं करत चोविसावा हप्ता साधारण दहा हजारांचा उरतो आणि कर्ज संपतं. एकूण व्याज सुमारे 23,000 होतं. म्हणजे त्याच्या पत्रातल्या आकड्याने तुम्ही त्याच्याकडून जवळपास 20,000 जास्त घेतले असते. हा तक्ता वहीत मांडा: तारीख, आलेली रक्कम, त्यातलं व्याज, त्यातलं मुद्दल, शिल्लक. दोघांकडे एकेक प्रत हवी. आयकराच्या वेळीही तीच लागेल, कारण व्याजाचा भाग तुमच्या उत्पन्नात धरावा लागतो, मुद्दलाचा नाही.

मागच्या काळाचं व्याज ठरलं नव्हतं, तेव्हा ते आता लावू नये असं माझं मत आहे. मित्र आपणहून देतो म्हणाला, तर ती रक्कम वेगळ्या ओळीत लिहा. मुद्दलात मिसळली की व्याजावर व्याज सुरू होतं. एखादा हप्ता चुकला तर तेव्हाही हेच पाळा, थकलेलं व्याज बाजूच्या रकान्यात राहू द्या.

आता तारीख. बिलं 7 ते 10 ला येणार आणि हप्ता 5 ला, म्हणजे पहिल्याच महिन्यापासून फोन करावे लागणार. 12 तारीख ठेवा आणि त्याला बँकेत त्या दिवसाची स्थायी सूचना द्यायला सांगा. दहा दिवस उशीर झाला तरी 11,000 वर तुमचं नुकसान सत्तावीस रुपयांच्या आसपास आहे, तेव्हा दंडाचं कलम घालू नका. त्यापेक्षा हे लिहा की सलग दोन हप्ते चुकले तर उरलेली सगळी रक्कम मागता येईल.

हप्ते बँकेतूनच घ्या, रोख नको. कर्जाची रक्कम 20,000 किंवा जास्त असेल तर आयकर कायद्यानुसार परतफेड रोखीने करता येत नाही. हप्ता 11,000 चाच आहे म्हणून सूट मिळत नाही, कारण एकूण देणं मोजलं जातं. नियम मोडला तर तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो आणि तो परतफेड करणाऱ्यावर, म्हणजे तुमच्या मित्रावर पडतो.

पत्राची घाई मात्र खरी आहे. मुदत न ठरवता दिलेल्या उसन्या पैशांच्या वसुलीसाठी दावा करायला पैसे दिल्यापासून तीन वर्षं मिळतात. तुमची ती जून 2027 मध्ये भरतात. त्याआधी मित्राने सही करून देणं मान्य केलं, तर सहीच्या तारखेपासून नव्याने मोजणी होते. त्याने परत केलेल्या 60,000 च्या मोबाइलवरच्या नोंदी पैसे आल्याचं दाखवतात, पण त्यावर त्याची सही नाही, म्हणून त्यांच्यावर विसंबू नका. सही लागते ती त्याची. तुमची असली तर चांगलंच.

मजकूर त्याच्याच हातचा असू द्या, साधारण असा:

"जून 2024 मध्ये तुझ्याकडून बँकेतून घेतलेल्या 3,00,000 रुपयांपैकी 60,000 परत केले. आज 2,40,000 देणं बाकी आहे, हे मला मान्य आहे. आजपासून शिल्लक मुद्दलावर दर साल 9 टक्के सरळव्याज देईन. पुढच्या महिन्यापासून दर महिन्याच्या 12 तारखेला 11,000 रुपये तुझ्या खात्यात भरीन. आलेल्या रकमेतून आधी व्याज, मग मुद्दल वळतं करायचं. थकलेलं व्याज मुद्दलात मिळवायचं नाही. सलग दोन हप्ते चुकले तर उरलेली रक्कम एकदम मागता येईल. मुदतीआधी पैसे भरले तर जादा आकार नाही."

खाली तारीख, त्याची सही, दोन साक्षीदार. साध्या कागदावर नको, मुद्रांकावर करा. महाराष्ट्रात अशा दस्तासाठी आता किमान 500 रुपयांचा मुद्रांक लागतो. सीबीएसजवळ जिल्हा न्यायालयापाशी जाल तेव्हा तिथल्या एखाद्या वकिलाला मसुदा दाखवून मुद्रांकाची रक्कम पक्की करून घ्या. मुद्रांक कमी पडला तर गरजेच्या वेळी कागद अडतो.

वहिनींचा मुद्दा मला रास्त वाटतो, कारण फी थांबत नाही. पण चालू वर्कशॉपमधून 2,40,000 एकदम काढायचे तर कच्च्या मालाचे पैसे अडतात आणि तुमची वसुलीच धोक्यात येते. सगळे हप्ते वेळेवर आले तर वर्षभरात तुमच्याकडे 1,32,000 जमतील आणि सव्वा लाखाच्या आसपास बाकी राहील. फीसाठी या पैशांतले निम्मेच धरा. उरलेल्याची सोय ठेवीतून किंवा शैक्षणिक कर्जातून करता येते का, हे आताच बघा. फीच्या महिन्यात मित्राला एखादा मोठा हप्ता जमेल का, तेही विचारून घ्या. जमणार असेल तर तेवढी ओळ पत्रातच येऊ द्या.

शेवटचा हप्ता आला की "सर्व रक्कम मिळाली, काही देणं बाकी नाही" असं तुमच्या सहीने लिहून त्याला द्या आणि मूळ पत्र परत करा.