नॉन-कॉम्पिटपेक्षा नोटीस पिरियडचं कलम जास्त बारकाईने वाचा

प्रश्न: पुण्यातल्या आयटी कंपनीचं ऑफर लेटर आलंय. नोकरी सोडल्यावर १२ महिने स्पर्धक कंपनीत जायचं नाही आणि नोटीस पिरियड ९० दिवस, असं लिहिलंय. हे कोर्टात टिकतं का? सही करू का?

उत्तर:

१२ महिन्यांची अट सहसा टिकत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार कुणाला कायदेशीर धंदा-नोकरी करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. मुदत कमी असली किंवा अट एकाच शहरापुरती असली, तरी नोकरी संपल्यानंतरची बंदी आपल्याकडची कोर्टं सहसा मानत नाहीत. गोपनीयतेचं कलम मात्र वेगळं. जुन्या कंपनीचा कोड किंवा ग्राहकांची यादी सोबत नेलीत, तर कंपनी नक्की कोर्टात जाऊ शकते.

म्हणून कलमात आधी काळ बघा: बंदी नोकरी ‘चालू असताना’ आहे की ‘संपल्यानंतर’? चालू असतानाची बंदी टिकते. १९६७ च्या गोलिकरी खटल्यात हेच झालं. कल्याणच्या कारखान्यातल्या कर्मचाऱ्याचा करार पाच वर्षांचा होता. तो मध्येच सोडून स्पर्धकाकडे गेला आणि सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या मुदतीपुरती मनाई कायम ठेवली. त्यामुळे ‘किमान दोन वर्षं’ असा लॉक-इन कुठे दडलाय का, ते शोधा.

नोटीस पिरियडमध्येही तुम्ही त्याच कंपनीचे नोकर असता. म्हणजे तुम्हाला खरोखर अडवणारे दिवस हे ९०च आहेत. कंपनी तुम्हाला जबरदस्तीने कामावर बसवू शकत नाही, पण पैसे मागू शकते आणि रिलीव्हिंग लेटर अडवून धरते. पुढची कंपनी रुजू होताना नेमकं तेच मागते.

हिशोब करून बघा. समजा मासिक ग्रॉस पगार ६०,००० आणि बेसिक ३०,००० आहे आणि तुम्हाला ४५ दिवस आधी निघायचंय. वसुली बेसिकवर असेल तर ४५,००० रुपये, ग्रॉसवर असेल तर ९०,०००. कलमात नुसतं ‘पगार’ लिहिलं असेल तर वाद इथेच सुरू होतो. दुसरी अडचण ‘कंपनीच्या मर्जीनुसार’ या शब्दांची. ते असतील तर पैसे भरायची तयारी असूनही लवकर सोडायला कंपनी नकार देऊ शकते. कंपनीने काढलं तर ३० दिवस आणि तुम्ही सोडलं तर ९०, असा फरकही तपासा.

बॉन्डची रक्कम असेल तर ती हलक्यात घेऊ नका. करार कायद्याच्या कलम ७४ खाली कंपनीला वाजवी भरपाईच मिळते, पण मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांआधी सोडल्यास दोन लाखांचा बॉन्ड वैध ठरवला.

सहीआधी एचआरला ईमेल करा: ‘उरलेल्या दिवसांचा बेसिक पगार भरून मला नोटीस पिरियड कमी करता येईल, आणि रक्कम मिळाल्यावर रिलीव्हिंग लेटर दिलं जाईल, एवढं करारात घालावं.’ फोनवरचं ‘आम्ही कुणाला अडवत नाही’ पुढे उपयोगी पडत नाही. बदल ऑफर लेटरमध्येच करून घ्या. ते नाहीच म्हणाले, तर निदान त्यांचं ईमेलवरचं उत्तर स्वतःच्या खासगी खात्यावर जपून ठेवा, कारण कंपनीचा मेल शेवटच्या दिवशी बंद होतो.