‘पाहिल्याची तारीख’ टाकून भागत नाही

प्रश्न: पीएचडीच्या प्रबंधात ऑनलाइन बातम्यांचा संदर्भ लेखक-वर्ष पद्धतीने कसा देऊ? बातमी नंतर अपडेट झाली असेल किंवा पेवॉलमागे असेल तर?

माझा प्रबंध मराठवाड्यातल्या दुष्काळावर होता. एप्रिल 2016मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेलं, पहिल्या खेपेला दहा वॅगन, सुमारे पाच लाख लिटर. त्या दिवशीची एका दैनिकाची बातमी मी वापरली होती. सकाळी तिच्यात एका अधिकाऱ्याचं विधान होतं, संध्याकाळी ते गायब झालं. मथळाही बदलला, लिंक मात्र तीच राहिली. माझे मार्गदर्शक म्हणत, “लिंक द्या, खाली पाहिल्याची तारीख टाका, विषय संपला.” मी ऐकलं नाही. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमकी तीच लिंक उघडली आणि विचारलं, “हे वाक्य कुठंय?” माझ्या नोंदीत आवृत्तीची वेळ होती, सोबत त्याच सकाळी काढलेली पीडीएफ होती. ती दाखवली आणि पुढचा प्रश्न आला.

शिकागो पद्धतीने ती नोंद अशी होते:

अमुक दैनिक. 2016. “लातूरसाठी पाण्याची रेल्वे.” 11 एप्रिल 2016, अद्ययावत स. 9:40. (पुढे लिंक)

‘विशेष प्रतिनिधी’ हे लेखकाचं नाव नव्हे. बायलाइन नसेल तर शिकागोत लेखकाच्या जागी दैनिकाचं नाव येतं, मजकुरात (अमुक दैनिक 2016). एकाच दैनिकाच्या त्या वर्षीच्या बऱ्याच बातम्या असतील तर 2016क, 2016ख करा. पाहिल्याची तारीख तुम्ही कधी वाचलंत ते सांगते, काय वाचलंत ते नाही. पानावर अपडेटची वेळ छापलेलीच नसेल तेव्हाच तिचा उपयोग.

पेवॉलचं म्हणाल तर लिंक द्यायला हरकत नाही, पण तिच्यावर विसंबू नका. छापील अंक काढून तारीख आणि आवृत्ती लिहा. पुणे आणि नागपूर आवृत्तीत तीच बातमी वेगळ्या पानावर असते, म्हणून नुसता पान क्रमांक कुचकामी. सर्चमध्ये दिसलेल्या दोन ओळींवरून उद्धृत तर मुळीच करू नका. मजकूर मागे घेतला तरी छापील अंकच हाताशी राहतो: ‘लोकसत्ता’ने 17 मार्च 2016चा ‘असंतांचे संत’ हा अग्रलेख दुसऱ्याच दिवशी मागे घेतला, पण 17 तारखेचा अंक ग्रंथालयात मिळाला तर संदर्भ पक्काच.

हे सगळं शिकागोपुरतं. एपीएत बायलाइन नसेल तर लेखकाच्या जागी मथळा येतो आणि पूर्ण तारीख त्याच्या लगेच पुढे कंसात. विद्यापीठाची स्वतःची नियमावली असेल तर आधी ती पाहा. मार्गदर्शक ‘लिंक पुरे’ म्हणाले, तरी पीडीएफ त्याच दिवशी काढून ठेवा.