डिस्लेक्सियाचा फॉन्ट घ्यावा का?

प्रश्न: म्हापशात पाचवीत शिकणाऱ्या माझ्या मुलाला डिस्लेक्सिया आहे. खास फॉन्ट विकत घेऊ का?

उत्तर: नको. 'डिस्लेक्सी' फॉन्टमध्ये अक्षरांचा तळ जाड असतो. त्यामुळे b आणि d यांची गल्लत होत नाही, असा प्रचार होतो. २०१६च्या अभ्यासात वाचनात मागे पडणारी मुलं त्यात एरियलपेक्षा सुमारे ७ टक्के वेगानं वाचत होती. पण डिस्लेक्सीत अक्षरांमध्ये आणि शब्दांमध्ये अंतरही जास्त असतं. एरियलमध्ये तेवढंच अंतर सोडलं आणि फरक उरला नाही! म्हणजे गुण मोकळ्या जागेचा होता.

इंग्रजी धडा वर्डमध्ये १४ पॉइंटला घ्या, Font > Advanced मध्ये Spacing: Expanded, 2.5 pt करा, ओळीही सुट्या करा. मग सारख्याच अवघड दोन उताऱ्यांवर, एक साधा आणि एक सुटा, त्याच्या चुका मोजा. मराठीत मात्र अक्षरं ताणू नका, शिरोरेषा तुटते. शब्द आणि ओळींमधलं अंतर वाढवा.