‘बघते’ म्हटलं आणि दहा जण आले

“ताई, पाहुण्याला ‘नाही’ म्हणायला तोंडच उघडत नाही. ‘बघते’ म्हणते आणि मग अडकते. ‘नाही’ला एखादा मऊ शब्द सांगा ना.”

या बाईंचं तारकर्लीला तीन खोल्यांचं होमस्टे आहे. डिसेंबरात सहा जणांचं बुकिंग होतं. आदल्या रात्री पाहुण्याने विचारलं, “दहा आलो तर चालेल?” यांनी लिहिलं, “बघते काहीतरी.” दहा जण आले. चौघे पडवीत चटईवर झोपले आणि बाई रात्री साडेअकरापर्यंत चुलीपुढे.

आपल्या घरात ‘बघते’चा अर्थ बहुधा ‘नाही’ असतो, आणि समोरच्यालाही तो कळतो. पुण्या-मुंबईहून पैसे भरून येणारा माणूस मात्र तोच शब्द ‘हो’ असा ऐकतो. म्हणून मी त्यांना आधी तो शब्दच सोडायला सांगितला.

मग आम्ही कागदावर एकेक पर्याय लिहून पाहिला. ‘परवडणार नाही’ म्हटलं की पाहुणा म्हणतो, पैसे वाढवून देतो. बोलणं जागेवरून दरावर सरकतं. ‘जमणं कठीण आहे’ म्हटलं तर “थोडं ॲडजस्ट करा हो” ठरलेलंच. ‘खोल्या भरल्यात’ हे खोटं, आणि रिकामी खोली दिसली की पाहुण्याचा विश्वास जातो. ‘असमर्थ आहोत’ हे पत्रात ठीक, फोनवर परकं वाटतं.

शेवटी आम्ही क्रियापदापाशी आलो. ‘ठेवणार नाही’ यात माझी इच्छा बोलते, म्हणून ते लागतं. ‘ठेवता येणार नाही’ यात परिस्थिती बोलते. नकार तितकाच पक्का, पण समोरचा दुखावत नाही. मला मराठीतली ही सोय फार मोलाची वाटते. एक शब्द बदलला की धार जाते आणि अर्थ जागेवर राहतो. मात्र पुढे खरं कारण एकाच वाक्यात हवं. तीन कारणं दिली की पाहुणा त्यातलं सर्वांत कच्चं पकडतो.

त्यांनी लिहिलेला मजकूर असा: “दादा, दहा जणांना ठेवता येणार नाही. तीन खोल्यांत सहाच जण नीट झोपतात. उरलेल्या चौघांसाठी शेजारच्या काकूंकडे विचारू का?”

आपला शब्द फार मऊ पडला का, हे उत्तरावरून ओळखता येतं. “मग नक्की ना?” असं आलं, तर नकार पोहोचलाच नाही. तेच वाक्य पुन्हा म्हणायचं, नवं कारण जोडायचं नाही. तिसऱ्यांदा विचारलं, तर साधं ‘नाही’ म्हणायचं. दारावरच्या मासेवालीला त्या रोज ‘आज नको’ म्हणतातच आणि दुसऱ्या दिवशी ती न रागावता पुन्हा टोपली उतरवते, याची मी त्यांना आठवण करून दिली.

मेच्या सुट्टीत तसाच निरोप आला. आठ जण, खोल्या त्याच. बाईंनी वाक्य जसंच्या तसं पाठवलं, फक्त आकडे बदलून. दहा मिनिटांनी उत्तर आलं: “ठीक आहे ताई, काकूंचा नंबर द्या.”