पैज पांढऱ्या रश्श्याची

«मावशी, तीन वर्षांपूर्वी घराच्या वाटणीवरून वाद झाला. थोरल्या जाऊबाई शिवाजी पेठेत राहिल्या, आम्ही कसबा बावड्यात आलो. येणं-जाणं बंदच झालं. परवा एका हळदीच्या जेवणात त्या म्हणाल्या, "आत्यांच्या हाताचा पांढरा रस्सा आता माझ्याच हातात उतरलाय." मी पटकन बोलून गेले, "या रविवारी बावड्याला, बघूया कुणाचा चांगला होतोय." त्या लगेच हो म्हणाल्या. आता धडधडतंय. माझा पांढरा निम्म्या वेळा फुटतो. मुद्दाम हरू का? तेवढ्यानं तरी नातं जुळेल.
– धाकटी जाऊ»

पोरी, मुद्दाम हरू नकोस. ज्या बाईनं तुझ्याशेजारी उभं राहून इतकी वर्षं स्वयंपाक केला, तिला तुझ्या हाताची चव पाठ आहे. मुद्दाम बिघडवलेलं तिला पहिल्या घोटात कळेल, आणि आपल्याला कमी लेखून जिंकू दिलं हे तिला वाटणीपेक्षा जास्त लागेल. तीन वर्षं जिनं उंबरा ओलांडला नाही, ती एका शब्दावर हो म्हणाली. तिलाही यायचंच होतं गं, नुसतं 'या' म्हटलं असतं तर कदाचित जमलं नसतं.

आता रश्श्याचं. दोघींनी आपापल्या घरून पातेली भरून आणायची नाहीत. पांढरा गार झाला की पुन्हा तापवावा लागतो, आणि तापवतानाच तो फुटतो. त्यापेक्षा तिला सकाळी नऊलाच बोलाव आणि मटणाची अळणी दोघींत एकच शिजवा. दोन्ही घरांना दीड किलो हाडासकट मटण पुरेल. तेलावर कांदा, आलं-लसूण आणि मीठ घालून मटण परता, झाकणीत पाणी ठेवा आणि तेच तापलेलं पाणी आत सोडत राहा. गार पाणी घालू नका. हळद अजिबात नको, नाहीतर पांढरा पिवळट दिसेल. तांबड्यासाठी अळणी आणि मटण वेगळं काढल्यावर त्यात हळद आणि घरची चटणी घाला. तांबडा पैजेत धरू नका.

मटण शिजेपर्यंत तासभर तरी जाईल. तुम्हाला खरं तर तोच तास हवाय. नारळ खवताना, खसखस वाटताना माणूस समोर बघत नाही, म्हणून बोलणं सोपं जातं. वाटणीचा विषय तू काढू नकोस. तिनं काढला तर ऐकून घे, पण त्या दिवशी हिशोब मांडू नकोस.

मग अळणी मोजून अर्धी-अर्धी घ्या आणि इथून पुढं आपापला हात. लिटरभर अळणीला एक मोठा नारळ धर. कोमट पाण्यात वाटून पहिलं घट्ट दूध वेगळं ठेव, दुसरं पातळ वेगळं. दोन चमचे खसखस, चमचाभर पांढरे तीळ आणि आठ-दहा काजू भिजवून गंधासारखे बारीक वाट. तुपात दालचिनी, लवंग, मिरी, वेलची टाकून वाटण मंद आचेवर परत, रंग बदलू देऊ नकोस. मग अळणी आणि पातळ दूध घालून एक हलकी उकळी काढ.

तुझा रस्सा फुटतो तो बहुतेक याच्या पुढच्या पायरीला. घट्ट दूध उकळत्या रश्श्यात पडलं, की ते दाणेदार होऊन तेल वर येतं. आधी गॅस अगदी बारीक कर, उकळ बसू दे. वाटीभर रस्सा दुधात मिसळून ते कोमट करून घे, मग बारीक धारेनं सोड आणि पळी एकाच दिशेनं फिरवत राहा. कडेला वाफ दिसली की उतरव, बुडबुडे येईपर्यंत थांबू नकोस. झाकणही घट्ट लावू नकोस. पळीच्या पाठीवर बारीक कण दिसायला लागले तर लगेच खाली उतरवून चमचाभर काजूचं वाटण घोट. थोडा सावरतो, पूर्ववत होत नाही. माझा असा सावरलेला रस्सा पाहुण्यांनी गोडीनं प्यायला, पण मला तो कण जिभेला लागत होता.

निकाल आत्यांना द्यायला लावू नकोस. दोन सुनांतली एक निवडायची पाळी त्यांच्यावर वाटणीच्या वेळीच आली असेल, पुन्हा नको. एकसारख्या वाट्या भर आणि दोन्ही घरच्या पोरांना न सांगता चाखायला दे. पोरं तोंडावर खरं बोलतात. जी हरेल तिनं पुढच्या रविवारी दोन्ही घरांना जेवायला घालायचं, एवढंच पणाला लाव. तू हरलीस तर त्या पुन्हा बावड्याला येतील, जिंकलीस तर तू पेठेतल्या त्या स्वयंपाकघरात पुन्हा पाऊल टाकशील.

आजच कॅलेंडर बघ, त्या रविवारी संकष्टी नाही ना. आणि फोन नवऱ्याकरवी करू नकोस, तूच कर. म्हण, "जाऊबाई, नारळ मी आणते, आत्यांचा तो जुना पाटा-वरवंटा तेवढा रिक्षात घालून आणा."