मुलाची शूच्या जागेची कातडी मागे जात नाही, शू करताना फुगते

तुमचा मुलगा तीन वर्षांचा आहे, शू करताना टोकाशी फुगा येतो आणि लगेच ओसरतो, तो रडत नाही, धारही नीट लागते. एवढंच असेल तर घाबरू नका. जन्मतः ही कातडी आतल्या बोंडाला चिकटलेली असते आणि हळूहळू सुटते, काही मुलांत अगदी वयात येईपर्यंत. थोडी सुटली, पण तोंड अजून अरुंद आहे, की शू क्षणभर आत साठते आणि कातडी फुगते. कातडीखाली पांढरट गोळी दिसली तर तो बहुधा साचलेला मळ असतो, पू नव्हे.

पाहायचं ते टोक. कातडी अगदी हलक्या हाताने मागे घेतल्यावर आतली गुलाबी, मऊ त्वचा कळीसारखी बाहेर डोकावली, तर ते वयाला धरून आहे. टोकाशी पांढरी, कडक कडी दिसली, विशेषतः आधी मागे जाणारी कातडी आता जात नसेल, तर बालशल्यचिकित्सकांना दाखवा. शू करताना रडणं, थेंब थेंब होणं, वारंवार लाली-सूज किंवा ताप असेल तरीही दाखवाच. अनेकदा स्टेरॉइड मलमाने भागतं, पण ते डॉक्टरांनी दिलं तरच लावा.

आंघोळीत रोज जोर लावून कातडी मागे ओढू नका, कुणीही सांगितलं तरी. चिरा पडतात, व्रण होतो आणि नसलेला आजार तयार होतो. बाहेरून पाण्याने धुणं पुरे. कातडी मागे जाऊन तिथेच अडकली आणि बोंड सुजलं, तर मात्र त्याच तासाला रुग्णालय गाठा.